सेशन टोकनची चोरी

एखाद्या संकेतस्थळावर लॉगिन झाल्यावर सर्व्हर ब्राउझरला एक लांबलचक, अंदाजाने ओळखता न येणारी खूण देतो. तिला सेशन टोकन म्हणतात. हे टोकन चोरून दुसऱ्याच्या खात्यात शिरणे म्हणजे सेशन टोकनची चोरी. यात पासवर्ड फोडावा लागत नाही आणि मोबाइलवर येणारा ओटीपीही लागत नाही, कारण हे दोन्ही टप्पे खातेदाराने स्वतःच आधी पार केलेले असतात.

टोकनची गरज वेबच्या घडणीतूनच आली. एचटीटीपी या पद्धतीत ब्राउझरची प्रत्येक मागणी सुटी असते. आधीच्या पानावर कोण होते, हे सर्व्हरला पुढच्या पानावर आठवत नाही. ही अडचण सोडवण्यासाठी नेटस्केप कंपनीतील लू मोंटुली यांनी १९९४ मध्ये कुकी आणली. आज बहुतेक ठिकाणी टोकन कुकीतूनच दिले जाते. पासवर्ड तपासून झाला की सर्व्हर साधारण अशी ओळ पाठवतो:

```
Set-Cookie: sid=9f2c71b0e4a8d35c; Max-Age=1209600; Secure; HttpOnly
```

यापुढे ब्राउझर प्रत्येक मागणीसोबत हा `sid` दाखवतो. `Max-Age` सेकंदांत असते, म्हणजे वरची कुकी १४ दिवस टिकेल. काही सेवा याहून बरीच लांब मुदत देतात. क्रोमने २०२२ पासून कुकीच्या आयुष्याला ४०० दिवसांची कमाल मर्यादा घातली आहे, यावरून मुदती किती लांबवल्या जात होत्या याची कल्पना येते.

देवळाबाहेरच्या चप्पल स्टँडवर मिळणारा बिल्ला याच तत्त्वावर चालतो. स्टँडवाला चेहरा लक्षात ठेवत नाही. बिल्ल्यावरचा क्रमांक पाहतो आणि त्या खणातल्या चपला काढून देतो. बिल्ला कोणी आणला, हे तो विचारत नाही. सेशन टोकनचेही तसेच आहे, फरक एवढाच की बिल्ला हरवला तर हाताला कळतो. टोकनची नक्कल होते, मूळ टोकन जागच्या जागी राहते आणि मालकाचे काम बिनबोभाट चालू असते.

टोकन चोरण्याच्या पद्धती काळानुसार बदलल्या. २०१० मध्ये आलेल्या फायरशीप या फायरफॉक्सच्या जोडणीने दाखवून दिले की, उघड्या वायफायवर शेजारी बसलेल्याच्या फेसबुकमध्ये एका क्लिकने शिरता येते, कारण कुकी कूटबद्ध न होताच हवेतून जात होती. मग संकेतस्थळे सरसकट एचटीटीपीएस या कूटबद्ध पद्धतीवर गेली आणि तो रस्ता बहुतांशी बंद झाला. आज दोन रस्ते मोठे आहेत. एकात बनावट लॉगिन पान खऱ्या संकेतस्थळाच्या मध्ये बसते, खातेदाराचा पासवर्ड आणि ओटीपी पुढे पोचवते आणि परत आलेले टोकन स्वतःकडे ठेवून घेते. दुसरा रस्ता म्हणजे ‘इन्फोस्टीलर’ जातीचे मालवेअर. रेडलाइन, व्हिडार, रकून, लुमा ही त्यातली गाजलेली नावे. हे मालवेअर ब्राउझरच्या फोल्डरमधून कुकी आणि साठवलेले पासवर्ड उचलून पाठवून देते. त्यातले काही काम होताच स्वतःला पुसूनही टाकतात, म्हणून नंतर केलेल्या स्कॅनमध्ये काही सापडले नाही तर निर्धास्त होऊ नये.

ब्राउझर या कुकी उघड्या ठेवतो असे नाही. विंडोजवर क्रोम त्या कूटबद्ध करून ठेवत आला आहे. पण ते कुलूप विंडोजच्या वापरकर्त्याच्या नावावर असते आणि त्याच वापरकर्त्याच्या नावाने चालणारा कोणताही प्रोग्राम ते उघडून घेऊ शकत असे. वरच्या ओळीतला `HttpOnly` हा शब्द पानातल्या जावास्क्रिप्टला कुकी वाचू देत नाही. संगणकाच्या डिस्कवरून कुकी वाचणाऱ्या मालवेअरपुढे मात्र त्याचा काहीच उपयोग होत नाही.

२३ मार्च २०२३ रोजी कॅनडातील ‘लिनस टेक टिप्स’ या यूट्यूब वाहिनीवर झालेला हल्ला या चोरीचे सर्वांत बोलके उदाहरण आहे. तेव्हा वाहिनीचे दीड कोटींहून अधिक सदस्य होते आणि ती चालवणारी माणसे तंत्रज्ञानाचीच होती. वाहिनीचे प्रमुख लिनस सेबॅस्टियन यांनी दुसऱ्या दिवशी व्हिडिओतून सगळा प्रकार उघडपणे सांगितला. त्यांच्या एका सहकाऱ्याकडे प्रायोजकत्वाच्या प्रस्तावासारखी दिसणारी फाइल आली. पीडीएफ समजून ती उघडली गेली, आत काहीच दिसले नाही आणि माणूस आपल्या कामाला लागला. तेवढ्या वेळात मालवेअरने क्रोम आणि एज या दोन्ही ब्राउझरमधला सगळा डेटा उचलला होता. सेशन टोकन त्यातच होती.

या वळणावर अनेक जण फसतात. विंडोज फाइलचे शेपूट लपवते, त्यामुळे `offer.pdf.scr` हे नाव पडद्यावर `offer.pdf` असे दिसते आणि `.scr` तर थेट चालणारा प्रोग्राम असतो. उघडूनही न उघडलेली पीडीएफ हीच पहिली खूण समजावी. दुर्दैवाने बहुतेक जण ‘फाइल खराब असेल’ म्हणून ती सोडून देतात.

सेबॅस्टियन यांना पहाटे उठवले गेले, तेव्हा वाहिनीचे नाव बदलून टेस्ला झाले होते आणि तिच्यावरून इलॉन मस्क यांच्या जुन्या चित्रफिती वापरून क्रिप्टो चलनाचा फसवा प्रचार थेट प्रक्षेपित होत होता. त्यांनी प्रक्षेपण बंद केले, पासवर्ड बदलले, तरी ते पुन्हा सुरू होई. वाहिनीला अनेक सहकाऱ्यांची खाती जोडलेली होती आणि नेमके कोणाचे टोकन गेले आहे हे कळेना. चुकीच्या दाराला नवे कुलूप घालून काय होणार? त्यांनी यूट्यूबवरही ठाम आक्षेप घेतला: वाहिनीचे नाव बदलणे किंवा ढिगाने व्हिडिओ लपवणे अशा मोठ्या कृतींपूर्वी पासवर्ड पुन्हा का विचारला जात नाही? हा आक्षेप रास्त आहे. एवढी एक पायरी असती, तर नुसत्या टोकनवर इतके नुकसान करता आले नसते.

पासवर्ड बदलूनही चोर आत का राहतो, याचे उत्तर सर्व्हरकडच्या नोंदीत आहे. पासवर्ड फक्त दारावर तपासला जातो. आत आलेल्यांची यादी वेगळी असते आणि जोवर सर्व्हर त्या यादीतून टोकनचा क्रमांक खोडत नाही, तोवर ते चालते. पासवर्ड बदलताच यादी पुसायची की नाही, हे प्रत्येक सेवा आपापले ठरवते. गूगल बहुतेक ठिकाणांहून बाहेर काढते, पण तुम्ही ओळख पटवण्यासाठी वापरत असलेली उपकरणे त्याला अपवाद असतात. ब्राउझरचा इतिहास आणि कुकी पुसणे हा तर निव्वळ भ्रम ठरतो. त्याने आपल्याकडचा बिल्ला फेकला जातो, पण स्टँडवाल्याच्या वहीत क्रमांक तसाच असतो आणि चोराकडची नक्कल चालत राहते. ‘साइन आउट’ दाबले की सर्व्हरला ती नोंद खोडायला सांगितले जाते, आणि ‘सर्व उपकरणांवरून साइन आउट’ म्हणजे त्या खात्याच्या सगळ्याच नोंदी खोडणे.

सप्टेंबर २०१८ मध्ये फेसबुकने हेच फार मोठ्या प्रमाणावर केले. आपले प्रोफाइल दुसऱ्याला कसे दिसते हे पाहण्याच्या सोयीत तीन दोष एकत्र आले आणि त्यातून भलत्याच माणसाचे टोकन बाहेर पडू लागले. फेसबुकने ५ कोटी खात्यांची टोकन रद्द केली आणि खबरदारी म्हणून आणखी ४ कोटींची. सुमारे ९ कोटी लोकांना पुन्हा लॉगिन करावे लागले. पासवर्ड बदलायला कोणालाही सांगितले गेले नाही, कारण पासवर्ड चोरीला गेलेच नव्हते. प्रत्यक्षात सुमारे ३ कोटी टोकन चोरली गेल्याचे पुढे स्पष्ट झाले.

स्वतःच्या खात्यात अशी चोरी ओळखणे अवघड असते. नवे लॉगिन झालेलेच नसल्याने ‘नवीन उपकरणावरून साइन इन’ असा ईमेल अनेकदा येत नाही. उपकरणांच्या यादीत अनोळखी नाव दिसेलच असेही नाही, कारण चोर तुमच्याच लॅपटॉपचे सेशन वापरत असतो. ओळ तुमच्याच लॅपटॉपची असते, फार तर तिच्यासमोरचे ठिकाण किंवा आयपी पत्ता बदललेला दिसतो. ‘सगळी उपकरणे माझीच आहेत’ म्हणून समाधान मानणे म्हणूनच धोक्याचे आहे.

यातूनच एक बारीक पण निर्णायक गोष्ट निघते. जीमेलमध्ये तळाशी असलेल्या `Details` मध्ये `Sign out all other Gmail web sessions` असे बटण असते. त्यातला `other` हा शब्द नीट वाचावा. ज्या लॅपटॉपवर मालवेअर आले, त्याच लॅपटॉपवरून ते दाबले तर चालू सेशन वगळून बाकीची बंद होतात, आणि चोरीला गेलेले बहुधा हेच चालू सेशन असते. घरातला दुसरा संगणक बाहेर फेकला जातो आणि चोर मात्र आतच राहतो.

म्हणून काम स्वच्छ उपकरणावरून, शक्यतो फोनवरून करावे. बाधित लॅपटॉप इंटरनेटपासून तोडावा. आधी पासवर्ड बदलावा, कारण इन्फोस्टीलरने साठवलेले पासवर्डही नेलेले असतात आणि आधी नुसते साइन आउट केले तर चोर त्याच पासवर्डने परत येण्याचा प्रयत्न करतो. मग गूगल खात्याच्या `Your devices` या पानावर जाऊन बाधित लॅपटॉपसह प्रत्येक ओळ साइन आउट करावी. व्हॉट्सॲपमध्ये ही यादी `Linked devices` मध्ये असते. लॅपटॉपवर विंडोज नव्याने बसवेपर्यंत तिथे लॉगिन करू नये. केले, तर नवे टोकन त्याच वाटेने जाईल.

२०२३ च्या अखेरीस या उपायाबद्दलच शंका उभी राहिली होती. बंगळूरच्या क्लाउडसेक या कंपनीने दाखवले की, काही इन्फोस्टीलर गूगलच्या एका अंतर्गत सोयीचा गैरवापर करून पासवर्ड बदलल्यानंतरही कुकी नव्याने तयार करून घेतात. त्यावर गूगलचे उत्तर असे होते की, बाधित ब्राउझरमधून साइन आउट केले किंवा उपकरणांच्या पानावरून तो दूरस्थपणे काढला, की ही चोरलेली सेशन बाद होतात. म्हणजे इथे पासवर्ड बदलणे पुरले नाही, पण साइन आउट पुरले.

साइन आउटलाही मर्यादा आहेत. काही सेवा नोंदवही ठेवतच नाहीत. त्यांच्या टोकनवरच मुदत आणि डिजिटल सही असते आणि बसच्या वाहकाने पासवरची तारीख पाहावी तसा सर्व्हर तेवढेच पाहतो, आगारात फोन करून विचारत नाही. असे टोकन मुदत संपेपर्यंत चालते, म्हणूनच जाणते लोक त्याची मुदत काही मिनिटांची ठेवतात. शिवाय खात्याला जोडलेल्या बाहेरच्या ॲप्सची परवानगी ही वेगळी टोकन असतात. चोराने आत असताना ईमेल पुढे पाठवण्याचा नियम लावला असेल किंवा स्वतःचा रिकव्हरी नंबर घातला असेल, तर तेही साइन आउटने जात नाही. या तीन जागा हाताने तपासाव्या लागतात.

ब्राउझरच्या बाजूनेही बचाव सुरू आहे. जुलै २०२४ मध्ये आलेल्या क्रोम १२७ पासून विंडोजवर कुकीचे कुलूप ब्राउझरशीच बांधायला सुरुवात झाली, आणि चोरांनी त्यातूनही वाटा शोधल्या. त्याच वर्षी गूगलने मांडलेली दुसरी कल्पना अधिक मुळाशी जाते: संगणकातील सुरक्षा चिपमध्ये एक गुप्त किल्ली ठेवायची आणि कुकी थोड्याच वेळाची देऊन ती नवी करताना दरवेळी त्या किल्लीचा पुरावा मागायचा. कुकीची नक्कल दुसऱ्या संगणकावर गेली तरी किल्ली जात नाही, त्यामुळे नक्कल लवकरच निकामी होते. मात्र मालवेअर त्याच संगणकावर जिवंत असेल, तर किल्लीही त्याच्या शेजारीच असते.