गोळी, सुई की तांबी? तोडीला निघालेल्या आईचा प्रश्न

दिवाळी झाली की शहादा-तळोद्याच्या पाड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या गुजरातेत उतरतात. अशाच एका टोळीतली बाई डोळ्यांसमोर आणा. वय पंचवीस, दुसरं बाळ चार महिन्यांचं, अंगावर पिणारं. हिमोग्लोबिन साडेआठ. परतणार उन्हाळ्यात, आणि पाळणा तर लांबवायचा आहे.

माला-एनची गोळी बीजांड बाहेर पडू देत नाही. रोज न चुकता घेतली तर वर्षभरात हजारातल्या तिघींनाच दिवस जातात. प्रत्यक्षात मात्र हा आकडा शंभरात सातच्या आसपास जातो. औषध तेच, फरक विसरण्याचा. पहाटे फडात आणि रात्री गाडीवर असणाऱ्या बाईला कोणता आकडा लागू पडेल, हे उघड आहे. शिवाय या गोळीतल्या इस्ट्रोजेनमुळे दूध कमी होऊ शकतं, म्हणून स्तनदा मातेला पहिले सहा महिने ती देत नाहीत. ही मनाई दोन महिन्यांत उठेल, विसरभोळेपणा उठणार नाही. ‘छाया’ गोळीत इस्ट्रोजेन नाही, दुधाला तिचा त्रास नाही. पण पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे एकदा, हा हिशोब तिथंही ठेवावाच लागतो.

तांबी, म्हणजे कॉपर-टी ३८०ए, हे विसरणं खेळातूनच काढून टाकते. तिच्यातून सुटणारे तांब्याचे कण शुक्रजंतूंना निकामी करतात. दहा वर्षं चालते आणि अपयश शंभरात एकाहूनही कमी. अडचण रक्ताची: पाळीत जास्त जातं, विशेषतः पहिले काही महिने. साडेआठ हिमोग्लोबिनला तांबी वर्ज्य नाही, पण लोहाच्या गोळ्या सोबत हव्यातच.

अंतरा इंजेक्शनचं याच्या उलट. बीजांड रोखतं आणि बहुतेकींची पाळी हळूहळू कमी होते किंवा थांबते, त्यामुळे रक्त वाचतं. सुरुवातीला अवेळी डाग लागतात. पुष्कळ जणी घाबरून तिथंच सोडतात. दर तीन महिन्यांनी वेळेवर घेतलं तर अपयश हजारात दोन, प्रत्यक्षात शंभरात चार.

या बाईसाठी मी अंतराच पुढे ठेवेन, पण एका अटीवर. निघण्याआधी पहिली सुई घ्यायची, टोचलेली जागा चोळायची नाही आणि कार्ड सोबत न्यायचं. दुसरी सुई गुजरातेतल्या सरकारी दवाखान्यात मिळू शकते. तारीख टळली तरी चार आठवड्यांपर्यंत चालतं. त्याहून उशीर झाला तर आधी गरोदरपणाची तपासणी. तिथं दवाखाना गाठणं जमणारच नसेल, तर तांबी बरी.

आणखी एक गोष्ट आधीच सांगावी लागते. अंतरा बंद केल्यावर दिवस राहायला शेवटच्या सुईपासून सात ते दहा महिने लागू शकतात. पुढच्याच वर्षी तिसरं हवं असेल, तर हा काळ धरूनच सुई सुरू करावी.