फॉलोअर्स कुठे थांबणार, हे एका भागाकारात कळतं

जानेवारीत गड्डा यात्रेचे रील चालतात आणि सोलापुरातल्या छोट्या अकाउंट्सचे फॉलोअर्स भराभर वाढतात. मार्चपर्यंत आकडा एका जागी बसला, की सगळ्यांचं निदान एकच: ‘शॅडोबॅन लागला!’, म्हणजे इन्स्टाग्रामने न सांगता आपल्या पोस्ट लोकांना दाखवणं कमी केलं. इन्स्टाग्राम काही अकाउंट्सची शिफारस खरंच थांबवतं, पण ते Account Status मध्ये पाहता येतं. तिथे काही नसेल, तर अमुक वाजून तमुक मिनिटांनी पोस्ट टाकण्याचे मुहूर्त सोडा आणि वजाबाकीकडे या.

फॉलोअर्सची वाढ म्हणजे आलेले उणे गेलेले. नवे किती येणार, हे मुख्यतः रील किती अनोळखी लोकांपर्यंत पोचतं यावर ठरतं. सोडून जाणारे मात्र आहेत त्यांच्यातूनच जातात, म्हणून गर्दी वाढली की जाणारेही वाढतात. हिप्परगा तलावात पाणी पसरलं की बाष्पीभवनही वाढतं, तसंच हे.

समजा, हुरडा आणि शेंगा चटणी दाखवणारं एक अकाउंट आहे. दर आठवड्याला 300 नवे येतात आणि असलेल्यांपैकी 3 टक्के जातात. फॉलोअर्स 2,000 असताना 60 जातात, म्हणजे निव्वळ वाढ 240. ते 10,000 झाले की 300 येतात आणि 300च जातात. 300 भागिले 0.03, उत्तर 10,000: वाढ थांबण्याची जागा ही. यात्रेच्या एका रीलने आकडा 12,000 वर नेला, तर आठवड्याला 360 जाऊ लागतात आणि तो पुन्हा 10,000 कडे घसरतो. उसळीने ती जागा हललेलीच नसते. गळती दीड टक्क्यावर आणली, तर मात्र तीच जागा 20,000 होते!

खऱ्या अकाउंटची गळती इतकी एकसारखी नसते. यात्रेपुरते आलेले लोक पहिल्या काही आठवड्यांतच निघून जातात. म्हणून इनसाइट्समधले Follows आणि Unfollows दर आठवड्याला वेगळे लिहून ठेवावेत, आणि गेलेल्यांना एकूण फॉलोअर्सनी भागावं. हे प्रमाण उसळीनंतर फुगून हळूहळू उतरत असेल, तर पाहुणे परत जात आहेत, थांबून पाहावं. ते स्थिर असेल आणि येणारेही पूर्वीइतकेच असतील, तर अकाउंट वरच्या भागाकारातल्या थांबण्याच्या जागेवर पोचलं आहे.

येणारेच घटले असतील, तर दुखणं वेगळं. रील पाहणाऱ्यांत फॉलोअर नसलेले किती, ते बघा. ते तितकेच असूनही फॉलो करत नसतील, तर प्रोफाइलवर आलेल्याला पुढे काय मिळणार हे समजत नाही. तेच कमी होत गेले असतील, तर पोच आटली आहे. त्याचं एक कारण, ज्यांना हा विषय हवा होता ते बहुतेक आधीच आलेत. बेल्जियन गणितज्ञ व्हर्हुल्स्टने 1838 मध्ये लोकसंख्येसाठी मांडलेलं समीकरण हेच सांगतं: उरलेले कमी, तशी वाढ मंद. सोलापूर शहराची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत सुमारे साडेनऊ लाख होती. त्यातले मराठी रील पाहणारे, त्यातही खाण्याचे शौकीन, असं गाळत गेलं की मर्यादा लवकर दिसते. अशा वेळी गळती कितीही बुजवली तरी नवे लोक येणार नाहीत. एक-दोन रील पंढरपूर-बार्शीकडच्या खाण्यावर करावेत आणि अनोळखी प्रेक्षकांचा आकडा हलतो का ते पाहावं. हलला, तर सोलापूरचे प्रेक्षक संपत आले होते. नाही हलला, तर दोष रीलमध्ये शोधावा.