डेंजर झोन आणि दोन टप्प्यांचे कूलिंग

अमेरिकेतील खाद्यगृहांत काम करणाऱ्यांना 'फूड हँडलर' प्रमाणपत्रासाठी द्याव्या लागणाऱ्या परीक्षेतील एक ठरलेला विषय. शिजवलेले अन्न कोणत्या तापमानांच्या दरम्यान धोक्यात असते आणि गरम अन्न किती वेळात थंड झाले पाहिजे, हे त्यात विचारतात. उत्तरे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तयार केलेल्या 'फूड कोड' या नमुना नियमावलीतून येतात. ही नियमावली स्वतः कायदा नाही. प्रत्येक राज्य ती आपापल्या फेरफारांसह स्वीकारते, म्हणून परीक्षेआधी आपल्या राज्याची पुस्तिका पाहणे गरजेचे असते.

फूड कोडनुसार डेंजर झोन म्हणजे ४१ ते १३५ अंश फॅरेनहाइट, अर्थात ५ ते ५७ अंश सेल्सिअस. थंड ठेवायचे अन्न ४१ किंवा त्याखाली, गरम ठेवायचे अन्न १३५ किंवा त्यावर. जुन्या पुस्तिकांत वरची मर्यादा १४० असे. अमेरिकी कृषी विभाग घरगुती स्वयंपाकासाठी आजही ४० ते १४० हेच आकडे सांगतो. त्यामुळे पर्यायांत १३५ आणि १४० दोन्ही दिसले की घरगुती सल्ला वाचून आलेला उमेदवार हमखास अडखळतो. प्रश्न खाद्यगृहाचा आहे, तेव्हा उत्तर १३५. भारतातील अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांत गरम अन्नासाठी ६० आणि थंड अन्नासाठी ५ अंश सेल्सिअस या मर्यादा आहेत. महाराष्ट्रात प्रशिक्षण घेऊन अमेरिकेतल्या स्वयंपाकघरात गेलेल्याने ६० अंश सेल्सिअस, म्हणजे १४० फॅरेनहाइट, लक्षात ठेवून १४० वर खूण केली, तर चूक तिथेच होते. अन्न ६० अंशांवर ठेवण्यात काहीच धोका नाही, पण परीक्षेत विचारतात ती किमान मर्यादा.

दोन टप्पे

थंड करण्याचा नियम असा: अन्न १३५ वरून ७० अंश फॅरेनहाइटपर्यंत (२१ अंश सेल्सिअस) दोन तासांच्या आत आले पाहिजे आणि १३५ पासून मोजून एकूण सहा तासांच्या आत ४१ पर्यंत. अनेक पुस्तिका याला 'दोन तास आणि मग चार तास' म्हणतात, आणि गैरसमज तिथूनच सुरू होतो. चार तास हा दुसऱ्या टप्प्याचा वेगळा कोटा नाही. पहिला टप्पा एका तासात उरकला, तर दुसऱ्यासाठी पाच तास उरतात. उलट मात्र चालत नाही: पहिल्या टप्प्याला अडीच तास लागले, तर दुसरा साडेतीन तासांत संपवून हिशेब जुळवता येत नाही.

पहिला टप्पा इतका कडक का, हे कळले की आकडे पाठ करावे लागत नाहीत. शिजवताना जिवंत जिवाणू मरतात, पण क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स आणि बॅसिलस सिरियस यांचे बीजाणू उकळीतूनही वाचू शकतात. अन्न निवू लागले की ते अंकुरतात. परफ्रिंजन्सला साधारण ४३ ते ४७ अंश सेल्सिअस सर्वांत मानवते. त्या पट्ट्यात मांसाच्या रश्शासारख्या अन्नात त्याची संख्या सुमारे दहा मिनिटांत दुप्पट होऊ शकते. दर दहा मिनिटांनी दुप्पट म्हणजे दोन तासांत बारा वेळा दुप्पट, एकाचे चार हजारांहून अधिक. ७० च्या खाली हाच वेग फार मंदावतो, म्हणून तिथे जास्त मुदत परवडते. काही अभ्यासक्रम ७० ते १२५ अंश फॅरेनहाइट या मधल्या पट्ट्याला 'सर्वांत जलद वाढीचा पट्टा' म्हणून वेगळा विचारतात. प्रश्नात 'सर्वांत जलद' हे शब्द असतील, तर ४१ ते १३५ हा पर्याय चुकीचा ठरतो.

घड्याळ कधी सुरू होते, हा दुसरा सापळा. ते गॅस बंद केल्यावर नव्हे, तर अन्न १३५ वर उतरल्यावर सुरू होते. उकळती आमटी १३५ पर्यंत यायला लागलेला वेळ हिशेबात धरत नाहीत, कारण तोवर ती डेंजर झोनच्या वर असते.

सहा तासांचा नियम फक्त शिजवलेल्या गरम अन्नाला लागू आहे. खोलीच्या तापमानाच्या जिनसांपासून केलेल्या पदार्थाला, उदाहरणार्थ कपाटातला डबाबंद ट्यूना फोडून केलेल्या सॅलडला, ४१ पर्यंत येण्यासाठी चारच तास मिळतात. तो सुरुवातीपासूनच ७० च्या आसपास असतो, म्हणजे दुसऱ्या टप्प्याच्या आरंभी.

एका पातेल्याचा हिशेब

वीस लिटर राजमा चिली एका खोल पातेल्यात आहे. दुपारी १:२० ला मधले तापमान १३५ होते. आचाऱ्याने झाकण ठेवून पातेले तसेच वॉक-इन कूलरमध्ये, म्हणजे आत चालत जाता येईल अशा थंड खोलीत, सरकवले. २:२० ला मध्यभागी १२६, ३:०० ला १२०. कडेला हात लावला तर पातेले कोमट वाटते, आणि फसवणूक तिथेच होते. दाट चिलीत उष्णता मधून कडेपर्यंत फार हळू सरकते. ढवळले नाही तर जाडी दुप्पट झाल्यावर वेळ साधारण चौपट लागतो. वर झाकणाने वाफ अडवली आहे. अशा पातेल्यातून निघणारी उष्णता शेजारच्या दुधाचे आणि कापलेल्या फळांचे तापमानही वर चढवते.

३:२० ला मुदत संपते तेव्हा चिली ७० च्या जवळपासही नाही. परीक्षेत इथे 'आता काय कराल?' असा प्रश्न येतो. बहुतेक अभ्यासक्रमांचे उत्तर: टाकून द्या, किंवा लगेच १६५ अंश फॅरेनहाइटपर्यंत (७४ अंश सेल्सिअस) पुन्हा तापवून थंड करण्याची क्रिया पहिल्यापासून सुरू करा. ही सवलत पहिल्या टप्प्यापुरतीच शिकवतात. ७० वेळेत गाठले पण सहा तासांत ४१ आले नाही, तर अन्न टाकायचे.

आचारी चिली १६५ पर्यंत तापवतो आणि या वेळी ती तीन उथळ हॉटेल पॅनमध्ये ओततो. पूर्ण आकाराच्या पॅनमध्ये पाच सेंटिमीटर खोलीला साधारण सात लिटर मावते, म्हणजे वीस लिटरला तीन पॅन पुरतात. पॅन बर्फाच्या पाण्यात बसवायचे. नुसत्या बर्फात नाही, कारण खड्यांमधल्या हवेमुळे पॅनला सगळीकडे गारवा भिडत नाही. बाहेरच्या पाण्याची पातळी आतल्या चिलीइतकी हवी. मग आइस पॅडलने, म्हणजे पाणी भरून गोठवलेल्या पोकळ वल्ह्याने, ढवळत राहायचे. ४:१० ला १३५, ५:१० ला ७०. आता ४१ ची मुदत किती? ४:१० मध्ये सहा तास मिळवून रात्री १०:१०. ज्यांनी ५:१० मध्ये चार तास मिळवून ९:१० लिहिले, त्यांनी अन्न सुरक्षितच ठेवले असते, पण उत्तर चुकले.

७० नंतर पॅन कूलरमध्ये जातात, एकावर एक न रचता आणि मध्ये हवा खेळेल असे. झाकण सैल किंवा काढलेले, मात्र वरून काही ठिबकणार नाही अशा जागी. ४१ झाल्यावरच घट्ट झाकायचे. वॉशिंग्टन राज्याची पुस्तिका तर उथळ पॅनची पद्धत स्वतंत्रपणे शिकवते: अन्न दोन इंचांपेक्षा खोल नको, आणि ४१ होईपर्यंत कूलरमध्ये उघडे ठेवायचे.

शेवटचे काही अंश सर्वांत चिवट असतात. कूलरची हवा ३८ अंश असेल आणि चिली १३५ वरून ७० वर बरोबर दोन तासांत आली असेल, तर नेहमीच्या थंड होण्याच्या गणिताने ४१ गाठायला त्यानंतर चार तास सोळा मिनिटे लागतात. म्हणजे पहिला टप्पा जेमतेम पास होऊनही दुसरा नापास. हवा ३६ असेल तर तेच काम तीन तास पस्तीस मिनिटांत होते. अन्न आणि हवा यांच्या तापमानातील फरक कमी होत जातो तसा वेगही पडतो, म्हणून पहिल्या तासातच शक्य तितके उतरवलेले बरे.

मोजणे

हे सगळे आकडे थर्मामीटरवर अवलंबून आहेत. दांडीचा थर्मामीटर अन्नाच्या सर्वांत जाड भागात, भांड्याच्या तळाला न टेकवता, दांडीवरच्या खाचेपर्यंत बुडवावा लागतो. त्याची संवेदना टोकापासून खाचेपर्यंत पसरलेली असते. दोन इंचांच्या उथळ पॅनमध्ये तो सरळ उभा घातला तर निम्मी दांडी हवेत राहते आणि आकडा खोटा येतो, म्हणून तिथे टोकावर मोजणारा डिजिटल प्रोब बरा. पडताळणी बर्फाच्या पाण्यात करतात आणि तिथे ३२ अंश यायला हवेत. फरक दोन अंशांपेक्षा जास्त असेल तर थर्मामीटर जुळवून घ्यायचा.

घरची सवय आणि भात

'आधी ओट्यावर पूर्ण निवू दे, मग फ्रिजमध्ये ठेव' ही मराठी घरांतली शिस्त परीक्षेत चुकीची ठरते, कारण त्यात अन्न नेमके जलद वाढीच्या पट्ट्यात रेंगाळते. तिच्यामागचे कारण मात्र खरे आहे: उकळते पातेले फ्रिजमध्ये ठेवू नये. उपाय वाट पाहणे हा नसून वाटणी करणे हा आहे.

भाताबाबत अधिक सावध राहावे लागते. रात्रभर ओट्यावर राहिलेल्या भातात बॅसिलस सिरियस उलटी घडवणारे विष तयार करू शकतो, आणि ते विष उष्णतेला दाद देत नाही. सकाळी कडकडीत फोडणी देऊन परतले तरी जिवाणू मरतात, विष राहते. त्यामुळे 'रात्रभर बाहेर राहिलेला भात १६५ पर्यंत तापवल्यास सुरक्षित होतो' या विधानाचे उत्तर 'चूक' असे आहे. फोडणीच्या भातासाठी भात राखायचा असेल, तर तो रात्रीच परातीत पातळ पसरून, वाफ जिरताच फ्रिजमध्ये गेला पाहिजे.