आयव्ही पर्सेंटाइल आणि व्होलॅटिलिटी कोन: ऑप्शन महाग, पण कशाच्या तुलनेत?

इंडिया व्हिक्स 17 वर आहे. गेल्या वर्षभरात 80 टक्के दिवस तो याहून खाली होता. म्हणजे ऑप्शन महाग आहेत, या आठवड्याचा स्ट्रॅडल विकायला हरकत नाही. निफ्टीत असा हिशेब मांडणारे पुष्कळ भेटतात. आकडेमोड बरोबर असते, पण मोजलेली वस्तू एक आणि विकलेली दुसरी. व्हिक्स पुढच्या 30 दिवसांत किती हालचाल अपेक्षित आहे ते सांगतो, आणि हातातला ऑप्शन तर आठवड्याभरात संपणार आहे.

आयव्ही पर्सेंटाइल आणि व्होलॅटिलिटी कोन यांची गल्लत इथेच होते. दोन्ही ठिकाणी आजची इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, म्हणजे आयव्ही, घेऊन ती तिच्याच इतिहासाशी ताडून पाहतात. पर्सेंटाइलमध्ये मुदतीचा प्रश्नच येत नाही. एकच मालिका, बहुधा 30 दिवसांची, आणि तिच्यात आजचा नंबर कितवा एवढेच. कोनमध्ये, म्हणजे शंकूच्या आकाराच्या चार्टमध्ये, प्रत्येक मुदतीचा इतिहास वेगळा ठेवतात. एक्सपायरीला पाच दिवस उरले असताना पूर्वी आयव्ही कुठून कुठपर्यंत असायची, वीस दिवस उरले असताना कुठे, साठ दिवसांना कुठे. आडव्या अक्षावर उरलेले दिवस, उभ्या अक्षावर आयव्ही, आणि प्रत्येक मुदतीवर नीचांक, मध्यक, 90 वा पर्सेंटाइल, उच्चांक असे ठिपके जोडले की डावीकडे फाकलेली आणि उजवीकडे निमुळती होत जाणारी आकृती दिसते. तिच्यावर आजची आयव्ही टाकायची.

ही आकृती निमुळती का होते, ते कळले की बाकीचे आपोआप कळते. 4 जून 2024 ला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, निफ्टी सुमारे 6 टक्क्यांनी पडला. समजा आजूबाजूचे सगळे दिवस शांत आहेत, रोजची हालचाल 0.6 टक्के. असे दिवस वर्षाच्या मापात साडेनऊ टक्के व्होलॅटिलिटीचे झाले. आता चार शांत दिवस आणि तो एक दिवस मिळून पाच दिवसांची खिडकी घेतली, तर व्होलॅटिलिटी 43 टक्के येते. तोच दिवस 59 शांत दिवसांबरोबर साठच्या खिडकीत बसवला, तर साडेपंधरा. एक धक्का छोट्या मुदतीला चौपटीहून वर नेतो आणि लांब मुदतीत विरघळून जातो. बाजाराला हे अनुभवाने ठाऊक असते, म्हणून जवळच्या एक्सपायरीची आयव्ही भडकते, दूरची त्या मानाने थोडीच हलते.

त्यामुळे 17 टक्के हा आकडा सुटा घेतला तर काहीच सांगत नाही. मे महिन्यात 35 अंश तापमान नागपूरला गारवा वाटेल, महाबळेश्वरला मात्र ती बातमी होईल. मुदतीचेही तसेच.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते मानलेले आहेत. निफ्टी 25,000. पाच दिवसांच्या आयव्हीचा इतिहास 8 ते 35, मध्यक 13, 90 वा पर्सेंटाइल 24. वीस दिवसांचा 10 ते 27, मध्यक 14. साठ दिवसांचा 12 ते 21, मध्यक 15, 90 वा पर्सेंटाइल 18. आज पाच दिवसांची आयव्ही 15 आहे, वीस दिवसांची 17, साठ दिवसांची 18.

व्हिक्सचा पर्सेंटाइल बघणारा म्हणेल, 80, महाग, आणि हात जाईल साप्ताहिक ऑप्शनकडे, कारण प्रीमियम तिथे लवकर झडतो. कोनवर पाहिले तर साप्ताहिक ऑप्शन मध्यकाच्या जेमतेम वर आहे. त्या मुदतीच्या दृष्टीने हा साधासुधा आठवडा. ताणलेली आहे ती साठ दिवसांची आयव्ही, ती 90 व्या पर्सेंटाइलच्या रेषेवर जाऊन बसली आहे. पर्सेंटाइलने जी गोष्ट महाग ठरवली, ती आपण विकायला निघालो त्या एक्सपायरीत नव्हतीच.

हे पॉइंटांत उतरवून पाहावे. टक्क्यांत सगळेच आकडे सारखे दिसतात. एटीएम स्ट्रॅडलची किंमत अंदाजाने अशी निघते, S म्हणजे निफ्टीचा भाव आणि T म्हणजे उरलेले ट्रेडिंग दिवस:

```
0.8 × S × IV × √(T/252)
```

पाच दिवसांचा स्ट्रॅडल 15 टक्क्यांना साधारण 423 पॉइंटांचा, मध्यकाच्या 13 टक्क्यांना 366 चा. म्हणजे जास्तीचे मिळतात 57 पॉइंट, आणि निफ्टी एक टक्का हलला की 250 पॉइंट होतात. 57 पॉइंटांच्या भरवशावर आठवडाभराचा गॅमा अंगावर घ्यायचा का, हे ज्याने त्याने ठरवावे. मला तो सौदा पटत नाही. साठ दिवसांचा स्ट्रॅडल 18 टक्क्यांना सुमारे 1,757 पॉइंट, 15 ला 1,464, फरक 293. इथे महागाई खरोखर हाताला लागते, पण ती उतरेपर्यंत थांबावे लागते, आणि 18 ची 21 झाली तर जवळपास तेवढेच पॉइंट आपल्यावर उलटतात. महाग कुठे ते कोन दाखवतो. ते कधी स्वस्त होईल हे त्याच्या आवाक्याबाहेर आहे.

आयव्ही रँकबद्दल ओझरते सांगतो, कारण काही ॲपवर तो पर्सेंटाइलच्या शेजारीच असतो. त्यात आजची आयव्ही वर्षाच्या नीचांक आणि उच्चांकामध्ये कुठे पडते ते पाहतात, म्हणून एकच टोकाचा दिवस मापच वाकवतो. मार्च 2020 मध्ये व्हिक्स 80 च्या वर गेला. नीचांक 10 आणि उच्चांक 83 धरला तर 25 चा व्हिक्स केवळ 20 व्या रँकला बसतो, आणि 25 ला कोणी शांत बाजार म्हणत नाही. पर्सेंटाइल दिवस मोजतो, म्हणून त्याला हा आजार नाही. मुदतीचे आंधळेपण मात्र दोघांनाही सारखेच.

कोनचाही एक जुळा भाऊ आहे, आणि चार्टवर दोघे ओळखू येत नाहीत. 1990 मध्ये बर्गहार्ट आणि लेन यांनी ही पद्धत मांडली तेव्हा त्यांचा कोन प्रत्यक्ष झालेल्या, म्हणजे रिअलाइज्ड व्होलॅटिलिटीचा होता. किमतींच्या जुन्या हालचालीवरून वेगवेगळ्या लांबीच्या खिडक्यांची व्होलॅटिलिटी काढायची आणि त्यावर आजची आयव्ही ठेवायची. त्याचा प्रश्न असा की बाजार जेवढी हालचाल गृहीत धरतो आहे तेवढी पूर्वी खरोखर झाली होती का. आपण वर वापरला तो कोन आयव्हीचाच होता. त्याचा प्रश्न असा की याच मुदतीला बाजार पूर्वी काय भाव लावत होता. विकणारा धोक्याचा मोबदला मागतो, म्हणून आयव्ही बहुतेक वेळा झालेल्या हालचालीच्या वरच असते. रिअलाइज्ड कोनवर आजची आयव्ही मध्यकाच्या वर दिसली म्हणून ऑप्शन महाग, असे ठरवणाऱ्याला ऑप्शन बाराही महिने महागच दिसतील. चार्ट वापरण्याआधी तो कशाचा बनला आहे ते विचारून घ्यावे.

स्वतः कोन बनवायचा तर खरी मेहनत मुदत जुळवण्यात आहे, आणि निफ्टीत सध्या इथेच एक खड्डा आहे. सप्टेंबर 2025 पासून निफ्टीची एक्सपायरी गुरुवारऐवजी मंगळवारी होते. एक्सपायरीला ट्रेडिंगचे दोन दिवस उरलेत, असा क्षण घ्या. पूर्वी हा क्षण मंगळवारी बाजार बंद होताना यायचा आणि कॅलेंडरवरही दोनच दिवस उरलेले असायचे. आता तो शुक्रवारी येतो. मधे शनिवार-रविवार असल्याने कॅलेंडरवर चार दिवस. बाजाराची अपेक्षा दोन्ही वेळी तीच, ट्रेडिंग दिवसांच्या हिशेबाने 14 टक्के, आणि सुट्टीत काही घडणार नाही असे धरू. आयव्ही 365 दिवसांच्या सूत्राने काढली तर जुन्या मंगळवारी ती जवळजवळ 17 दिसेल आणि नव्या शुक्रवारी 12. बाजार तसूभर हललेला नाही, पण जुना इतिहास आणि नवा भाव एकाच कोनवर ठेवला की ऑप्शन स्वस्त झाल्याचा भास होतो.

यावर उपाय म्हणजे आयव्ही ट्रेडिंग दिवसांवर पुन्हा काढणे. तयार आयव्ही उचलू नये. स्ट्रॅडलची बंद किंमत आणि फ्युचरचा भाव घेऊन आपल्या घड्याळाने काढावी. नेमके वीस दिवस उरलेली एक्सपायरी रोज सापडत नाही, तेव्हा अलीकडची आणि पलीकडची घेऊन मधला आकडा काढतात. तो आयव्हीच्या सरासरीने काढू नये. आयव्हीचा वर्ग गुणिले मुदत, म्हणजे एकूण व्हेरिअन्स, याची सरासरी काढून मग परत आयव्हीवर यावे. आणि उजव्या टोकाला ठिपके किती आहेत हेही बघावे. साठ दिवसांचे वर्षाला 250 आकडे मिळाले तरी लागोपाठचे दोन आकडे 59 दिवस एकमेकांवर पांघरलेले असतात. खरोखर सुटी अशी निरीक्षणे तीन वर्षांत डझनभरच भरतात. तेवढ्यावर 90 वा पर्सेंटाइल काढणे म्हणजे एकदोन प्रसंगांना नियम म्हणणे. साठ दिवसांची रेषा सुबक निमुळती दिसते, त्यातला काही भाग या अपुरेपणाचाच असतो.

शेवटचा प्रश्न घटनेचा. अर्थसंकल्प, निवडणुकीचा निकाल किंवा रिझर्व्ह बँकेचे पतधोरण एक्सपायरीच्या आत पडत असेल तर कोन ओरडतो, आणि त्याचे ओरडणे बरेचदा फुकट असते, कारण तो त्या आठवड्याची तुलना साध्या आठवड्यांशी करतो. समजा पाच दिवसांची आयव्ही 26 आहे आणि कोनवर ती 90 व्या पर्सेंटाइलच्याही वर. साधे दिवस 13 टक्क्यांचे धरले तर 13 ला √252 ने, म्हणजे 15.87 ने, भागून रोजची हालचाल 0.82 टक्के. पाच दिवसांच्या एकूण व्हेरिअन्समधून असे चार दिवस वजा करा:

```
5 × (26/15.87)² − 4 × (13/15.87)² ≈ 10.7
√10.7 ≈ 3.3
```

म्हणजे बाजार त्या एका दिवसासाठी 3.3 टक्क्यांच्या हालचालीचा भाव लावतो आहे. आता हा आकडा जुन्या निकालांच्या किंवा अर्थसंकल्पांच्या दिवसांशी ताडून पाहता येतो. 26 टक्के हा आकडा तसा ताडता आला नसता. घटना उरकली की ही जास्तीची आयव्ही एका झटक्यात जाते. जून 2024 मध्ये निकालाच्या दिवशी व्हिक्स 27 च्या आसपास बंद झाला आणि दुसऱ्याच दिवशी 19 च्या जवळ आला. पण निकालाआधी स्ट्रॅडल विकलेल्याला ती घसरण मिळेपर्यंत निफ्टी 6 टक्के पडून गेला होता, म्हणजे आपल्या उदाहरणातल्या 3.3 च्या दुपटीला थोडाच कमी.