अ‍ॅम्लोडिपिन आणि डिल्टियाझेम: गट एकच, पण गोळी देण्याआधीची तपासणी वेगळी

रक्तदाबाच्या औषधांच्या नोट्समध्ये ‘कॅल्शियम चॅनल ब्लॉकर’ असं एक शीर्षक असतं आणि त्याखाली अ‍ॅम्लोडिपिन, निफेडिपिन, डिल्टियाझेम, व्हेरापामिल अशी नावं एका रांगेत लिहिलेली असतात. या रांगेमुळे विद्यार्थ्यांचा घोटाळा होतो. गट एक आहे म्हणजे दुष्परिणाम सारखेच असणार आणि गोळी देण्याआधी बघायचंही तेच, असं वाटून जातं. प्रत्यक्षात रांगेतली पहिली दोन औषधं मुख्यतः रक्तवाहिन्यांवर काम करतात, तर उरलेली दोन हृदयावरही चांगलाच परिणाम करतात. वॉर्डात त्यामुळे फार मोठा फरक पडतो.

सुरुवात यंत्रणेपासून करू, कारण ती समजली की पुढचं पाठ करावं लागत नाही. रक्तवाहिनीच्या भिंतीतला स्नायू आकुंचन पावतो तो पेशीत कॅल्शियम शिरल्यामुळे. ही वाट अडवली की स्नायू सैल पडतो, वाहिनी रुंदावते आणि दाब उतरतो. हृदयातही कॅल्शियमच्या अशाच वाटा आहेत आणि तिथे त्यांच्याकडे आणखी एक काम आहे. ठोका जिथे सुरू होतो तो एसए नोड आणि ठोक्याचा संदेश जिथून खाली जातो तो एव्ही नोड, दोन्ही कॅल्शियमवर चालतात. तिथली वाट अडली की ठोके मंदावतात आणि संदेश उशिरा पोचतो.

मग अ‍ॅम्लोडिपिन हृदयाला फारसं का लागत नाही? त्याला मिटलेल्या, निष्क्रिय अवस्थेतल्या चॅनलला चिकटायला आवडतं. रक्तवाहिनीच्या स्नायूत विद्युतभार असा असतो की चॅनल बराच वेळ याच अवस्थेत राहतात. डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल मात्र उघडलेल्या चॅनलमध्ये शिरून बसतात. जिथे चॅनल वारंवार उघडतात तिथे त्यांची पकड जास्त, म्हणजे हृदयात. व्हेरापामिलचा ओढा हृदयाकडे सर्वात जास्त आहे आणि डिल्टियाझेम त्याच्या आणि अ‍ॅम्लोडिपिनच्या मध्ये कुठेतरी बसतं.

आता वॉर्डातली स्थिती डोळ्यांसमोर आणू. शेजारशेजारच्या दोन खाटा, सकाळची औषधांची फेरी. पहिल्या खाटेवर 58 वर्षांच्या बाई, अ‍ॅम्लोडिपिन 5 मिलिग्रॅम रोज एकदा. दुसऱ्या खाटेवर 64 वर्षांचे काका. त्यांना मेटोप्रोलॉल हा बीटा ब्लॉकर आधीपासून चालू आहे, आणि छातीत दुखतं म्हणून तीन दिवसांपूर्वी डिल्टियाझेमची 90 मिलिग्रॅमची सस्टेन्ड रिलीज गोळी दिवसातून दोनदा सुरू केली. दोघांचाही रक्तदाब 126/74. बाईंची नाडी 52, काकांची 48.

फक्त दाबाच्या आकड्यावर गेलं तर दोन्ही गोळ्या द्यायला हरकत दिसत नाही. इथेच चूक होते.

बाईंची नाडी कमी आहे हे खरं, पण ती अ‍ॅम्लोडिपिनमुळे कमी झालेली असणं संभवत नाही. दाब व्यवस्थित आहे, चक्कर नाही, ऑर्डरमध्ये नाडीची अट नाही, तर गोळी द्यावी आणि नाडीची नोंद करून डॉक्टरांना सांगावं. कारण दुसरीकडे शोधायचं आहे: दुसरी एखादी गोळी, थायरॉइड, की नाडी मुळातच अशी आहे. अ‍ॅम्लोडिपिन थांबवून तो प्रश्न सुटत नाही.

काकांच्या बाबतीत हात तिथेच थांबला पाहिजे. आधी स्टेथोस्कोप छातीवर ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की अनियमित ठोके निसटतात, आणि बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरचा आकडाही इथे पुरेसा नाही. समजा छातीवर 46 ठोके मिळाले. काकांना विचारलं तर ते म्हणतात, “सिस्टर, कालपासून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते.” अशा वेळी डिल्टियाझेम आणि मेटोप्रोलॉल दोन्ही डोस न देता थांबवून ठेवायचे, डॉक्टरांना लगेच कळवायचं, ईसीजी काढायचा आणि काकांना एकट्याने बाथरूमला जाऊ द्यायचं नाही. ईसीजीत पीआर अंतर 0.26 सेकंद आलं असं धरू. नेहमीची वरची मर्यादा 0.20 आहे, म्हणजे एव्ही नोडमध्ये संदेश रेंगाळतो आहे. बीटा ब्लॉकर तो एका बाजूने मंदावतो आणि डिल्टियाझेम दुसऱ्या बाजूने. एकेकटं सोसलं जाणारं औषध जोडीला आलं की जड जातं. अशा रुग्णात डॉक्टर बहुधा डिल्टियाझेम बंद करतात, नाडी वर आली की मेटोप्रोलॉल पुन्हा सुरू करतात आणि गरज असेल तर जोडीला अ‍ॅम्लोडिपिन देतात. गट तोच, पण ही जोडी चालते.

फोनवर कळवताना “नाडी कमी आहे” एवढंच सांगू नये. छातीवरचे ठोके किती, नियमित की नाही, दाब किती, तक्रार काय, दोन्ही औषधांचे शेवटचे डोस कधी गेले, हे एका दमात सांगावं. दोन औषधांची नावं एकत्र कानावर पडली की पलीकडच्याला धोका चटकन कळतो.

नाडी किती खाली गेली तर डोस थांबवायचा, याचा आकडा रुग्णाच्या ऑर्डरमध्ये असतो. बरेच ठिकाणी 50 किंवा 60 च्या खाली नाडी आणि 90 किंवा 100 च्या खाली वरचा दाब, अशी अट लिहिलेली असते. लिहिलेली नसेल तर फेरीआधीच विचारून घ्यावी. हृदयाची पंप करण्याची ताकद कमी झालेल्या रुग्णाला डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल लिहून आलं, तर तेही देण्याआधी विचारायचं, कारण ही दोन्ही औषधं हृदयाचं आकुंचन आणखी कमजोर करतात.

अ‍ॅम्लोडिपिनची खरी तक्रार पायांत दिसते. संध्याकाळपर्यंत घोटे सुजतात आणि बोटाने दाबलं की खळगा राहतो. धमनीच्या बाजूच्या बारीक वाहिन्या रुंदावतात, शिरांच्या बाजूच्या तेवढ्या रुंदावत नाहीत, त्यामुळे केशिकांमध्ये दाब वाढून पाणी बाहेर झिरपतं. शरीरात पाणी जास्त साठलेलं नसतं, म्हणून लघवीची गोळी वाढवून ही सूज फारशी उतरत नाही, उलट रुग्ण कोरडा पडतो. डोस कमी केला, किंवा शिराही रुंदावणारं प्रिल अथवा सार्टन जोडलं, तर फरक पडतो. मात्र सूज एकाच पायाला असेल, दम लागत असेल किंवा वजन झपाट्याने वाढत असेल, तर ती गोळीच्या माथी मारून मोकळं होऊ नये. व्हेरापामिल घेणाऱ्याला विचारायचा प्रश्न वेगळा: पोट साफ होतं का? बद्धकोष्ठता ही त्याची नेहमीची तक्रार आहे.

वेळेचा फरकही लक्षात ठेवायला हवा. अ‍ॅम्लोडिपिनचा परिणाम हळूहळू चढतो, अर्धायुष्य 30 ते 50 तासांचं, आणि रक्तातली पातळी स्थिरावायला रोज डोस घेऊन आठवडाभर लागतो. गोळी दिल्यावर तासाभराने दाब मोजून “औषध लागू पडलं नाही” असा निष्कर्ष काढता येत नाही. साधं डिल्टियाझेम काही तासांतच उतरतं, म्हणून त्याच्या सस्टेन्ड रिलीज गोळ्या निघाल्या. ही गोळी राइल्स ट्यूबमधून द्यायची म्हणून कुटली, तर बारा तासांचा डोस एकदम सुटतो आणि काकांसारख्या रुग्णाची नाडी कोसळू शकते. ट्यूब असलेल्या रुग्णाच्या चार्टवर ही गोळी दिसली, तर कुटण्याआधी डॉक्टरांकडून साध्या गोळीचे विभागलेले डोस लिहून घ्यायचे.