सेंट म्हणजे मिलिग्रॅम नव्हे : हिऱ्याचं वजन कॅरेटमधून ग्रॅममध्ये नेताना

कॅरेटचं ग्रॅम करायचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं. १ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, म्हणजेच २०० मिलिग्रॅम. हे अचूक आहे, त्यात ‘सुमारे’ वगैरे काही नाही. उलट जायचं असेल तर ग्रॅमला ५ ने गुणायचं. सोन्याची शुद्धता सांगणारा २२ किंवा १८ कॅरेट हा वेगळा विषय, त्याचा वजनाशी काहीही संबंध नाही. एवढं माहीत असलेली माणसंही हिऱ्याचं वजन चुकवतात, आणि तीच चूक मला पुन्हा पुन्हा लिहिलेली दिसते, म्हणून हा खुलासा.

खरा घोळ कॅरेट आणि ग्रॅममध्ये होत नाही, तो सेंट आणि मिलिग्रॅममध्ये होतो.

हिऱ्याच्या व्यवहारात एक कॅरेटच्या खालचं वजन सहसा कॅरेटमध्ये बोललं जात नाही. ‘पन्नास सेंटचा हिरा’, ‘तीस सेंटचा खडा’ असंच बोलतात. कुणी सेंटऐवजी पॉइंट म्हणतं. सेंट हा कॅरेटचा शंभरावा भाग, तर मिलिग्रॅम हा ग्रॅमचा हजारावा भाग. दोन्ही अगदी लहान, दोन्ही पूर्ण आकड्यांत बोलले जाणारे, त्यामुळे मनात ते शेजारीशेजारी जाऊन बसतात आणि पन्नास सेंट म्हणजे पन्नास मिलिग्रॅम असं धरलं जातं. प्रत्यक्षात १०० सेंट म्हणजे २०० मिलिग्रॅम, म्हणून १ सेंट म्हणजे २ मिलिग्रॅम. पन्नास सेंटचा हिरा १०० मिलिग्रॅमचा असतो, तीस सेंटचा ६० चा.

मिलिग्रॅमचा आकडा सेंटच्या आकड्याच्या नेहमी दुप्पट असतो. हिशेब याच वाटेने करावा, असं माझं ठाम मत आहे. आधी कॅरेटचे सेंट करा, त्यांची दुप्पट करा म्हणजे मिलिग्रॅम आले, आणि ग्रॅम हवे असतील तर शेवटी दशांशचिन्ह तीन घरं डावीकडे न्या. ०.२ ने थेट गुणायला गेलं की दोन दशांशचिन्हं एकाच वेळी सांभाळावी लागतात, आणि तिथेच शून्य निसटतं.

शून्य निसटण्यावरून आणखी एक गोष्ट. ‘०.५ कॅरेट’ असं लिहू नये, ‘०.५०’ लिहावं. एकच अंक दिसला की घाईत कुणीतरी त्याला पाच सेंट वाचतं, आणि पाच सेंट म्हणजे ०.०५. कॅरेट नेहमी दोन दशांश स्थळांपर्यंत आणि ग्रॅम नेहमी तीन स्थळांपर्यंत लिहिले, तर नुसत्या आकड्याच्या ठेवणीवरूनही समोर कोणतं एकक आहे याचा अंदाज येतो.

झालेली चूक ओळखता येते, कारण प्रत्येक चुकीचं प्रमाण ठरलेलं आहे. उत्तर निम्मं आलं असेल तर सेंटलाच मिलिग्रॅम धरलं गेलंय. पाचपट आलं असेल तर कॅरेटला ग्रॅम समजलं गेलंय, ०.५० कॅरेटचे ५०० मिलिग्रॅम होतात ते असे. दहापटीचा फरक शून्याचा असतो. आणि पंचवीसपट आलं असेल तर जिथे ५ ने भागायचं होतं तिथे गुणलंय. मी कोणताही हिशेब तपासताना आधी हे गुणोत्तर काढते, बेरीज-वजाबाकी नंतर.

आता एक हिरा घेऊ. त्याच्या प्रमाणपत्रावर वजन आहे ०.७३ कॅरेट. म्हणजे ७३ सेंट, म्हणजे १४६ मिलिग्रॅम, म्हणजे ०.१४६ ग्रॅम. हिशेब इथे संपतो. गडबड सुरू होते ती हाच हिरा काट्यावर ठेवल्यावर.

साधा खिशातला डिजिटल काटा ग्रॅमचे दोन दशांश दाखवतो. तो या हिऱ्याला दाखवेल ०.१५. पाचाने गुणलं की ०.७५ कॅरेट. इथे लोक चक्रावतात. प्रमाणपत्रावर ७३ सेंट आणि काट्यावर ७५, मग हा हिरा तोच आहे का? शंका घेण्याचं कारण नाही. या काट्याचं सर्वांत लहान पाऊल ०.०१ ग्रॅमचं आहे, आणि ०.०१ ग्रॅम म्हणजे १० मिलिग्रॅम, म्हणजे ५ सेंट. ०.१४५ पासून ०.१५५ ग्रॅमपर्यंतचं काहीही तो ०.१५ च दाखवणार. कॅरेटमध्ये ही व्याप्ती होते ०.७२५ ते ०.७७५. त्यात ७३ सेंट बसतात, तसेच ७७ ही बसतात. हा काटा त्या दोघांत फरक करूच शकत नाही.

याहून फसवी गोष्ट म्हणजे अशा काट्यावरचं एकक बदलायचं बटण. ते दाबून `g` च्या जागी `ct` आणलं की पडद्यावर कॅरेटचे दोन दशांश दिसतात, आणि आता सेंटपर्यंतचं वजन मिळालं असं वाटतं. आतलं यंत्र मात्र तेच असतं, फक्त आकड्याला पाचाने गुणलेलं असतं. ओळखायचं कसं? वेगवेगळे लहान खडे ठेवून बघा. आकडे ०.७०, ०.७५, ०.८० असे पाच-पाचच्या उड्या मारत असतील आणि मधलं ०.७२ किंवा ०.७८ कधीच येत नसेल, तर तो काटा हिऱ्यासाठी नाही. दोन दशांश दिसले म्हणजे दोन दशांशांची अचूकता मिळाली, हा समज मला सगळ्यांत जास्त खटकतो.

ग्रॅमचे तीन दशांश दाखवणारा काटा घेतला तर पाऊल १ मिलिग्रॅमचं होतं, म्हणजे अर्ध्या सेंटचं. हे कामाचं आहे. मात्र इथे वाऱ्याची झुळूकसुद्धा मोजली जाते, म्हणून काचेचं झाकण लावूनच आकडा वाचायचा, आणि हिरा पुसून चिमट्याने ठेवायचा. खास हिऱ्यांसाठीचे काटे कॅरेटचे तीन दशांश दाखवतात. त्यांचं पाऊल ०.००१ कॅरेट, म्हणजे ०.२ मिलिग्रॅम.

चांगला काटा वापरूनही आकडा एका सेंटने वेगळा येऊ शकतो, आणि त्याचं कारण प्रमाणपत्रात असतं. जीआयए ही प्रयोगशाळा वजन दोन दशांशांवर आणताना शाळेतला पाचचा नियम लावत नाही. तिसऱ्या स्थळी ९ असेल तरच आकडा वर जातो, एरवी खालीच राहतो. ०.७३८ कॅरेटच्या हिऱ्यावर ०.७३ च लिहिलं जातं, आणि ०.७२९ वरही ०.७३. म्हणजे प्रमाणपत्रावरच्या ०.७३ मागचं खरं वजन १४५.८ मिलिग्रॅमपासून १४७.८ च्या किंचित खालपर्यंत कुठेही असू शकतं. यातला ०.७३८ चा हिरा मिलिग्रॅमच्या काट्यावर ठेवा. त्याचं वजन १४७.६ मिलिग्रॅम, काटा दाखवेल ०.१४८ ग्रॅम, आणि पाचाने गुणलं की येईल ०.७४ कॅरेट. काटाही बरोबर, प्रमाणपत्रही बरोबर, आकडे मात्र वेगळे.

म्हणूनच प्रमाणपत्रावरच्या कॅरेटवरून मिलिग्रॅम काढून ‘नेमके १४६.०० मिलिग्रॅम’ असं लिहिणं मला मान्य नाही. गुणाकार अचूक असला तरी मूळ आकडा आधीच छाटलेला असतो. ‘१४६ मिलिग्रॅम’ लिहावं आणि तिथेच थांबावं. मिलिग्रॅमच्या पुढचा अंक हवा असेल तर सुटा हिरा काट्यावर ठेवण्याला पर्याय नाही.

सेंटच्या घोळाचा परिणाम सर्वांत जास्त दिसतो तो हिरे जडवलेल्या अंगठीत, कारण तिथे एकाच कागदावर दोन एककं असतात. समजा अंगठीचं एकूण वजन ४.८६० ग्रॅम आहे आणि तिच्यात १८ बारीक हिरे मिळून ०.६५ कॅरेट आहेत. सोन्याचं निव्वळ वजन किती? ६५ सेंट म्हणजे १३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.१३० ग्रॅम. ४.८६० मधून ते वजा केले की ४.७३० ग्रॅम राहतात.

पण कागदावर ‘०.६५’ दिसतं आणि हात आपोआप तेच वजा करतो. उत्तर येतं ४.२१०, म्हणजे सोनं ०.५२० ग्रॅमने कमी भरलं. याउलट सेंटला मिलिग्रॅम समजणारा ०.०६५ वजा करतो आणि ४.७९५ लिहितो, त्याच्या हिशेबात ०.०६५ ग्रॅम हिरा सोनं म्हणून मोजला गेला. पहिली चूक मोठी असल्याने बघितली तर सापडते. दुसरी लहान आहे, म्हणून ती वर्षानुवर्षं कागदावर तशीच राहते. माझा आग्रह असा की अशा कागदावर हिऱ्यांच्या कॅरेटशेजारीच त्यांचे ग्रॅमही लिहावेत, म्हणजे वजाबाकी करणाऱ्याला मनात रूपांतर करावंच लागणार नाही.

०.२ चा नियम एका ठिकाणी मात्र लागू होत नाही, आणि ते म्हणजे जुनी वजनं. २०० मिलिग्रॅमचा मेट्रिक कॅरेट १९०७ च्या वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ठरला, आणि देशोदेशी तो त्यानंतर हळूहळू लागू झाला; ब्रिटनमध्ये १९१४ साली. त्याआधी ठिकठिकाणचे कॅरेट वेगवेगळे होते, आणि इंग्लिश कॅरेट साधारण २०५.३ मिलिग्रॅमचा होता. १९०५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सापडलेल्या कलिनन हिऱ्याची म्हणूनच दोन वजनं वाचायला मिळतात, ३०२५¾ कॅरेट आणि ३१०६.७५ कॅरेट. त्यात विरोधाभास नाही. दगड एकच, ६२१.३५ ग्रॅमचा. पहिला आकडा जुन्या कॅरेटमधला आहे, दुसरा मेट्रिक. जुन्या आकड्याला ०.२ ने गुणलं तर ६०५.१५ ग्रॅम येतात आणि १६.२ ग्रॅम, म्हणजे तब्बल ८१ कॅरेटचा तुकडा हिशेबातून नाहीसा होतो. जुन्या नोंदींत वजन बहुधा पाव, अर्धा, पाऊण किंवा सोळांश अशा अपूर्णांकांत असतं. तसा आकडा दिसला की गुणाकार करण्याआधी तो कोणत्या कॅरेटमधला आहे ते शोधावं.