बोलून सांगितलेली बाजारयादी

फोनवर बोलून टिपलेल्या जिनसांची, दुकानवार गटांत मांडलेली आणि खूण करत जाण्याजोगी यादी. यात दुरुस्ती आधी आणि गट नंतर, हा क्रम पाळावा लागतो. चुकीचा शब्द बहुधा शेजारच्या जिनसांवरून ओळखू येतो आणि गट पाडले की ते शेजारी विखुरतात.

कोल्हापुरातील घरगुती यादीचे एक उदाहरण घेऊ. सांगणाऱ्याने न थांबता सगळे सांगितले आणि पडद्यावर उमटले ते असे: ‘तेल दोन किलो धणे पाव किलो तेल पाव किलो नागेश्वर दहा ग्रॅम कांदा लसूण चटणी अर्धा किलो पाव एक लादी’.

पहिले काम तोडणीचे. इथे जिन्नस आधी आणि माप नंतर आले आहे, म्हणून प्रत्येक मापानंतर ओळ तोडायची. सांगणाऱ्याने मध्येच ‘एक किलो गूळ’ असा उलटा क्रम धरला, तर माप शेजारच्या जिनसाला चिकटते. ‘पाव’ विशेष दगा देतो. त्यापुढे किलो किंवा लिटर असेल तर ते माप, नाहीतर बेकरीचा पाव. पण ‘पाव, किलोभर साखर’ असे भरभर म्हटले तर हा नियमही फसतो, म्हणून ‘लादीपाव’ म्हणणे बरे. ‘कांदा लसूण चटणी’ हा एकच जिन्नस आहे. कोल्हापुरात चटणी म्हणजे वर्षभर पुरणारा तिखट मसाला. त्याचे तीन तुकडे झाले तर कांदा आणि लसूण मंडईच्या गटात जातात आणि नको असताना घरी येतात. असे जोडशब्द तोडणीआधीच बांधून ठेवावेत.

मग ऐकण्यातल्या चुका. ध्वनी अस्पष्ट असला की यंत्र जास्त वापरातल्या शब्दाकडे झुकते. म्हणून मसाल्यातले नाकेश्वर (नागकेशर) देवाचे नाव होऊन बसले. ही चूक सोपी आहे: ‘नागेश्वर’ घरच्या जिनसांच्या यादीत नसतो आणि एकच अक्षर बदलले की नाकेश्वर मिळतो. ही तुलना करताना ळ-ल, ण-न आणि ऱ्हस्व-दीर्घ एकच धरावेत, म्हणजे ‘धने’ही धण्यांशी जुळतात.

दुसरे ‘तेल’ मात्र अवघड. तो खरा जिन्नस असल्याने शब्दयादीला त्यात काही वावगे दिसत नाही. सुट्टे तेल किलोवरही मिळते, त्यामुळे मापही गप्प राहते. संशय येतो दोन खुणांवरून: तेल आधी एकदा आले आहे, आणि हे दुसरे धणे व नाकेश्वर यांच्यामध्ये आहे. तिथे तीळ शोभतात. तरीही आपोआप बदल न करता ‘तेल? तीळ?’ अशी ओळ ठेवून सांगणाऱ्यालाच विचारावे. त्यासाठी मूळ मजकूर जपून ठेवावा.

शेवटी गट:

किराणा
☐ तेल २ किलो
☐ धणे पाव किलो
☐ तीळ पाव किलो (विचारून)
☐ नाकेश्वर १० ग्रॅम
☐ कांदा लसूण चटणी अर्धा किलो

बेकरी
☐ पाव १ लादी

गट वस्तूच्या जातीवरून नव्हे, खरेदीच्या ठिकाणावरून पाडतात. ओले खोबरे आणि सुके खोबरे म्हणूनच वेगळ्या गटांत बसतात: नारळ कपिलतीर्थ मंडईच्या फेरीत, सुके खोबरे लक्ष्मीपुरीतल्या किराण्यात.